दह्याच्या नोंदी: थंडीत विरजण किती, उन्हाळ्यात किती

१८ डिसेंबर

उन्हाळ्यात चहाच्या चमच्याएवढं विरजण पुरतं आणि सकाळी दही आंबट झालेलं सापडतं. आता तेवढंच विरजण लावलं की सकाळी पातेल्यात दूधच असतं, फक्त थोडं दाटसर. घरात यावर एकच उपाय ठरलेला आहे: "थंडी आहे, अजून एक चमचा घाल." हा उपाय किती लागू पडतो आणि कुठे थांबतो हे मोजून बघायचं ठरवलं.

मांडणी अशी. अर्धा लिटर सायीचं दूध, स्टीलचा झाकणाचा डबा. दूध उकळल्यावर मंद आचेवर पाच-सहा मिनिटं आणखी ठेवायचं. विरजण वजनकाट्यावर मोजायचं. ५ ग्रॅम म्हणजे साधारण एक सपाट चमचा, म्हणजे अर्ध्या लिटरला एक टक्का. तापमानासाठी काडीचा थर्मामीटर, आंबटपणासाठी छोटा पीएच मीटर. ताज्या दुधाचा पीएच ६.६ च्या आसपास असतो. तापवलेलं दूध साधारण ५.२ च्या खाली उतरू लागलं की लागायला सुरुवात होते आणि ४.६ ला दही चांगलं घट्ट झालेलं असतं. त्याच्या खाली जिभेला आंबट लागायला लागतं.

दही लागलं की नाही हे चमचा घालून बघायचं नाही. डबा अलगद कलता करायचा. आतला गोळा एकसंध हलला आणि कडेने किंचित सुटला, की लागलं. चमच्याने मोडलेली जाळी पुन्हा सांधत नाही, तिथून पाणी सुटतं. लागत असलेल्या डब्याला धक्का द्यायचा नसतो तो याच कारणाने.

१९ डिसेंबर

खोली १७ अंश. रात्री साडेनऊला दूध ४२ अंशांना होतं, त्यात ५ ग्रॅम विरजण फेटून घातलं. डबा ओट्यावर तसाच उघडा, फक्त झाकण लावून.

साडेदहाला ३० अंश. साडेअकराला २४. साडेबाराला २०, आणि मग रात्रभर खोलीच्या बरोबरीने.

सकाळी साडेसातला पीएच ६.१, दूध पातळ. दही लागलं ते संध्याकाळी पाचच्या सुमारास. चव गोडसर, जाळी मऊ.

या नोंदीत सर्वांत महत्त्वाचे आहेत ते पहिले दोन तास. विरजणातले जिवाणू नव्या दुधात पडल्याबरोबर वाढायला लागत नाहीत. फ्रिजमधून, आंबट दह्यातून ते आलेले असतात. गोड दुधात जुळवून घ्यायला त्यांना वेळ लागतो, कोमट दुधातही तास-दीड तास. उघड्या डब्यात नेमकी हीच वेळ दूध गरम असण्याची. म्हणजे ४२ अंशांची सगळी ऊब जुळवून घेण्यातच खर्च झाली, आणि जिवाणू कामाला लागले तेव्हा दूध विशीवर आलेलं होतं. विरजण लावताना दूध पुरेसं गरम असणं आणि ते गरम राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थंडीत आपण पहिली नीट सांभाळतो आणि दुसरीकडे बघत नाही.

२३ डिसेंबर

आजपासून तापमान स्थिर ठेवून विरजण बदलायचं. बर्फाच्या पेटीत पाणी भरलं आणि त्यात १०० मिलीच्या तीन वाट्या झाकून बसवल्या: एकीत १ ग्रॅम विरजण, दुसरीत २, तिसरीत ४. पाणी अंशभर उतरलं की कपभर गरम पाणी घालून पुन्हा जागेवर आणायचं. आज ३० अंश.

१ ग्रॅमची वाटी साडेआठ तासांनी लागली, २ ग्रॅमची साडेसात तासांनी, ४ ग्रॅमची साडेसहा तासांच्या आसपास.

म्हणजे विरजण दुप्पट केलं की एक तास वाचतो. पुन्हा दुप्पट केलं की पुन्हा एकच तास.

२४ डिसेंबर

यामागचं गणित आज कागदावर उतरवलं, कारण पुढच्या सगळ्या नोंदी त्यावरच उभ्या राहणार आहेत.

जिवाणू एकाचे दोन, दोनाचे चार असे वाढतात. चांगल्या दह्यात ते जितके दाट असतात, त्याच्या शंभराव्या भागाने आपण सुरुवात करतो, कारण एक टक्का विरजण म्हणजे शंभरपट पातळ केलेलं दही. पुन्हा तेवढंच दाट व्हायला साडेसहा-सात वेळा दुप्पट व्हावं लागतं (सहा वेळा दुप्पट केलं की ६४ पट, सात वेळा केलं की १२८ पट). विरजण दुप्पट घातलं तर यातली एक पायरी वाचते. चौपट घातलं तर दोन. विरजणाचा फायदा असा पायऱ्यांनी मिळतो, विरजण वाढेल त्या प्रमाणात मिळत नाही.

एक पायरी चढायला किती वेळ लागतो हे मात्र तापमान ठरवतं. आणि ते प्रत्येक पायरीला लागू होतं. विरजण पायऱ्या कमी करतं, ऊब प्रत्येक पायरी बुटकी करते. थंडी आणि उन्हाळ्यातला सगळा फरक या एका ओळीत बसतो असं मला वाटतं, पण विशीचे आणि चाळिशीचे आकडे हातात आल्याशिवाय तसं म्हणत नाही.

२८ डिसेंबर

पेटी २० अंशांवर. थंडीत हे सोपं आहे, पाण्यात अधूनमधून थोडंसं गरम पाणी घातलं की झालं.

१ ग्रॅमची वाटी लागायला वीस तास. २ ग्रॅमची साडेसतरा. ४ ग्रॅमची पंधरा.

३० डिसेंबर

४० अंश. १ ग्रॅम: साडेपाच तास. २ ग्रॅम: पाचला थोडे कमी. ४ ग्रॅम: सव्वाचार-साडेचार.

आता तिन्ही शेजारी ठेवून बघितलं. चाळिशीत एक पायरी अर्ध्या-पाऊण तासाची, तिशीत तासाची, विशीत जवळपास अडीच तासांची. तिशीतून विशीत उतरल्यावर एक टक्का विरजणाचं दही साडेअकरा तासांनी मागे पडलं.

हे साडेअकरा तास नुसत्या विरजणाने भरून काढायचे म्हटले तर? विशीत एक पायरी अडीच तासांची, म्हणजे साडेचार-पाच पायऱ्या वाचवायला हव्यात. एक टक्क्याचे दोन, चार, आठ, सोळा आणि पाचव्या पायरीला बत्तीस. अर्ध्या लिटर दुधाला दीडशे ग्रॅमच्या आसपास दही! तेवढं घातलं तर ते विरजण म्हणवत नाही. दुधात आधीच इतका आंबटपणा येतो की ते कोमट असतानाच कडेने फुटायला लागतं, दही दाणेदार होतं, पाणी सुटतं आणि पहिल्या घासालाच आंबट लागतं.

"अजून एक चमचा घाल" हा सल्ला चुकीचा नाही. पण त्याची पोच एका पायरीपुरती आहे.

२ जानेवारी

मग ऊब टिकवायची. तोच अर्धा लिटर, तोच डबा, खोली १७. आज डबा जाड सुती चादरीत दोन वेढे गुंडाळून वर दुलई.

४२ वरून तासाने ३७-३८, दोन तासांनी ३४, चार तासांनी २८, सहा तासांनी २४-२५. सकाळी साडेसातला २१.

एक टक्का विरजणाचं दही साडेसातला जेमतेम लागत होतं, नीट बसलं नऊनंतर. शेजारी गुंडाळलेला दुसरा डबा ३ टक्क्यांचा होता (१५ ग्रॅम, म्हणजे पोहे खायचा एक भरलेला चमचा). तो साडेसहाला लागलेला होता, पीएच ४.८, चव अदमुऱ्या दह्याची, घट्टपणा चांगला.

गंमत म्हणजे इथे जास्त विरजणाचा उपयोग तिशीच्या पेटीतल्यापेक्षा जास्त दिसला. गुंडाळलेला डबा हळूहळू थंड होत जातो, त्यामुळे शेवटच्या पायऱ्या सर्वांत लांब असतात. जास्त विरजण नेमक्या त्याच शेवटच्या पायऱ्या वाचवतं. म्हणून थंडीत विरजण वाढवायचं ते गुंडाळण्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाही.

चादर ऊब देत नाही, असलेली ऊब फक्त धरून ठेवते. २४ अंशांवर आलेला डबा कितीही गुंडाळा, तो २४ च्या वर जाणार नाही. रात्री उशिरा आठवण येऊन थंड डबा गुंडाळण्यात काही हशील नाही. त्यापेक्षा डबा पंचेचाळीस अंशांच्या पाण्यात पाऊण तास उभा करावा आणि मग गुंडाळावा.

३ जानेवारी

आज चादरीऐवजी पोळ्या गरम ठेवायचा जाड तळाचा डबा. आधी त्यात गरम पाणी भरून दहा मिनिटं ठेवलं, ओतलं, पुसलं आणि आत दुधाचा डबा ठेवला. मोकळ्या जागेत टॉवेल कोंबला.

चार तासांनी ३५ अंश. सहा तासांनी ३२. एक टक्का विरजणाचं दही सात तासांत लागलं.

चादरीतल्या तीन टक्क्यांपेक्षा हे एक टक्क्याचं आधी लागलं. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

६ जानेवारी

छोट्या वाट्यांमध्ये वेगवेगळं दही लावायचं असेल तर थंडीत ते सर्वांत कठीण. १०० मिलीची वाटी अर्ध्या लिटरच्या डब्याच्या मानाने फार लवकर थंड होते, कारण दूध थोडं आणि उघडी बाजू त्या मानाने जास्त. दोन लिटरचं पातेलं उलट आपली ऊब बराच वेळ सांभाळतं. म्हणून एकच कृती, एकच विरजण, तरी मोठ्या पातेल्यातलं दही सकाळी लागलेलं आणि वाट्यांमधलं पातळ, असं होतं. वाट्याच लावायच्या असतील तर सगळ्या एका मोठ्या डब्यात चिकटून ठेवाव्यात आणि तो डबा गुंडाळावा.

११ जानेवारी

आज विरजणाचं वय बघितलं. एकीकडे कालचं ताजं दही, दुसरीकडे फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात राहिलेलं नऊ-दहा दिवसांचं आंबट दही. दोन्ही तीन टक्के, दोन्ही गुंडाळलेले.

ताज्याचं सकाळी सातच्या आत लागलं. जुन्याचं साडेदहालाही डचमळत होतं, आणि लागलं तेव्हा वर पाणी होतं.

जुन्या दह्यात जिवाणू नसतात असं नाही. पण त्यातले स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलससारखे गोल जिवाणू जास्त आंबट वातावरणात लवकर मरगळतात, आणि दही लागायला पहिला जोर तेच लावतात. त्यांना पुन्हा जागं व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. उन्हाळ्यात हा उशीर कळत नाही, दूध तोपर्यंत गरमच असतं. थंडीत या वाढीव उशिरात डब्याची ऊब निघून जाते आणि नुकसान दुप्पट होतं. म्हणून थंडीत विरजण किती हे ठरवण्याआधी ते कालचं-परवाचं आहे ना, हे बघावं. चवीला फार आंबट लागत असेल तर एका वाटी कोमट दुधात त्याचं एकदा दही लावून, त्या नव्या दह्याचं विरजण घ्यावं.

फ्रिजमधला थंड चमचा दूध थंड करतो म्हणून त्रास होतो, असं मी ऐकत आले. १५ ग्रॅम थंड दही अर्धा लिटर दुधाला अंशभरच उतरवतं. तरी ते अर्धा तास आधी बाहेर काढून फेटून ठेवते, कारण गुठळ्या राहिल्या तर एका जागी आंबट आणि बाकी डबा मागे, असं होतं.

१९ जानेवारी

दह्याला तार आली. चमचा उचलला की लांब बुळबुळीत धागा. वास ठीक, चव ठीक, पण खाववत नाही.

गेल्या आठवड्यात डबा मुद्दाम न गुंडाळता रोज कालच्याच दह्याचं विरजण लावत राहिले होते, हे बघायलाच. घरच्या विरजणात एक जात नसते. थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस यांना चाळीस-पंचेचाळीसची ऊब आवडते. लॅक्टोकॉकस आणि ल्यूकोनोस्टॉक पंचवीस-तीसमध्ये खूश असतात. रोज थंड डब्यात दही लावलं की दुसऱ्या गटाचा वाटा रोज वाढत जातो, आणि त्यातल्या काही जाती थंडीत चिकट साखरेचे लांब धागे जास्त सोडतात. तीच ही तार.

इथून एक गोष्ट उलगडली. थंडीची पहिली लाट आली की दही सर्वांत जास्त रुसतं, आणि पुढे थंडी तेवढीच असूनही थोडं सुधारतं. पहिल्या दिवसांत हातात उन्हाळ्याचं विरजण असतं, उबेला सरावलेल्या जिवाणूंचं, आणि ते विशीत जवळजवळ झोपतात. काही दिवसांनी थंडी सोसणारे पुढे येतात आणि दही लागायला लागतं, पण त्याची जाळी मऊ असते आणि कधीकधी तार धरते. दही लवकर लागायला लागलं म्हणून खूश व्हावं की तार येईल म्हणून धास्तावावं, हे ज्याने त्याने ठरवावं. मला तार नको आहे.

२२ जानेवारी

तारेवर उपाय: पहिल्या प्रयोगांच्या वेळी वेगळं काढून ठेवलेलं न गुंडाळलेल्या साखळीबाहेरचं दही घेतलं, आधी वाटीभर दुधात चाळिशीच्या पाण्यात लावलं, त्याचं विरजण गरम डब्यात. तार गेली. तारेचं दही फेकायची गरज नाही, ताकात खपतं. पण त्याचं विरजण पुढे ठेवायचं नाही.

दह्यावर गुलाबी, काळा किंवा हिरवा ठिपका दिसला, किंवा बुडबुडे येऊन यीस्टसारखा वास आला, तर मात्र सगळं टाकून द्यायचं. थंडीत वीस-वीस तास दूध जवळपास गोड राहतं आणि आंबटपणाचं संरक्षण उशिरा येतं, तेवढ्यात हवेतलं काहीही आत शिरायला वाव मिळतो. दही लवकर लागण्यात सोय तर आहेच, पण ते राखणही आहे.

८ फेब्रुवारी

थंडीपुरतं पक्कं झालेलं: खोली वीसच्या खाली असेल तर दूध ४२-४३ ला, विरजण ताजं आणि ३ टक्के, डबा गुंडाळून. गरम डबा असेल तर एक-दोन टक्के पुरे. पन्नासच्या जवळच्या दुधात विरजण घालू नये. "थंडी आहे, जरा गरमच असू दे" म्हणून पंचावन्नच्या दुधात घातलेलं विरजण मरगळतं किंवा मरतं आणि मग कितीही गुंडाळलं तरी दही लागत नाही. सायीखालचं दूध वरून वाटतं त्यापेक्षा बरंच गरम असतं, म्हणून थर्मामीटर मधोमध धरायचा, थर्मामीटर नसेल तर साय बाजूला करून बोट आत घालायचं.

२१ एप्रिल

खोली रात्रीही ३४. जुनी सवय: ४२ चं दूध, ५ ग्रॅम विरजण, साडेनऊ वाजता.

दूध दोन तासांनी ३६ आणि नंतर ३४ च्या खाली गेलंच नाही. मध्यरात्रीनंतर उठून बघितलं, साडेतीनला दही लागलेलं. सकाळी साडेसातला पीएच ४.२, वर बोटभर पाणी, आंबट.

दही लागण्यात काही बिघाड झाला नाही. ते वेळेत लागलं आणि मग चार तास आंबत राहिलं. थंडीत लागलेलं दही दोन-तीन तास तसंच राहिलं तरी फारसं आंबत नाही, कारण तिथे जिवाणूही संथ असतात. उन्हाळ्यात लागणं आणि आंबणं यांच्यात हाताशी तास-दीड तासच असतो. थंडीची अडचण दही लावण्याची आहे, उन्हाळ्याची ते थांबवण्याची.

२४ एप्रिल

विरजण कमी करून बघितलं. पाव चमचा, म्हणजे सव्वा ग्रॅम, पाव टक्का. दूध ४२ च. दही लागलं साडेसात-पावणेआठ तासांनी, पहाटे पाचच्या सुमारास. सकाळी ४.४, आंबटसर पण पाणी कमी.

गणित इथेही तेच. विरजण चौथ्या भागावर आणलं म्हणजे दोन पायऱ्या वाढल्या, आणि या उष्म्यात पायरी पाऊण तासाची, म्हणून दीड तास मिळाला. थंडीत हाच बदल पाच तासांचा ठरला असता. विरजणाचा चमचा उन्हाळ्यात एवढा निरुपयोगी का वाटतो, ते यातून कळतं.

२५ एप्रिल

आज दूध थंड पाण्यात ठेवून पूर्ण निवू दिलं, ३१ अंशांवर, मग पाव चमचा. खोलीच्या उष्म्याने ते हळूहळू ३४ वर गेलं. दही लागलं सकाळी साडेसहाला, नऊ तासांनी. साडेसातला ४.६, गोडसर, पाणी नाही.

उन्हाळ्यात दूध कोमट असण्याची गरज नाही. खोलीच तेवढी कोमट असते.

पाव चमच्याच्या खाली मात्र जायचं नाही असं ठरवलं. दोन थेंबांवर लावलेल्या डब्याला एकदा अकरा तास लागले आणि एकदा दही लागूनही वास बरा नव्हता. दूध उकळलं तरी काही जिवाणूंचे बीजाणू त्यातून तगतात, आणि पस्तीस अंशांच्या गोड दुधात त्यांना मोकळं रान मिळतं. विरजणाचे जिवाणू संख्येने भारी असले तरच ते बाकीच्यांना दाबून टाकतात.

६ मे

कोरडा उन्हाळा आहे तोवर आणखी एक गोष्ट करून बघितली. दुधाचा डबा पाण्याच्या परातीत ठेवला आणि ओलं फडकं डब्याभोवती असं गुंडाळलं की टोकं परातीतल्या पाण्यात बुडालेली राहतील. पाणी फडक्यातून चढत आणि उडत राहतं, डबा थंड होतो. खोली ३४ असून दूध २८ वर राहिलं. यात पूर्ण चमचा विरजण घालूनही दही साडेनऊ तासांनी लागलं, आणि आतापर्यंतच्या सगळ्या उन्हाळी दह्यांत हे सर्वांत घट्ट.

सावकाश लागलेल्या दह्याची जाळी बारीक आणि मजबूत होते, पाणी धरून ठेवते. पस्तीस-छत्तीसमध्ये घाईने लागलेलं दही आवळतं आणि पाणी टाकतं. म्हणून विरजण कमी करण्यापेक्षा दूध थंड ठेवणं मला बरं वाटतं.

९ मे

फ्रिजचं बघायचं राहिलं होतं. लागल्याबरोबर डबा आत ठेवला तरी आंबणं लगेच थांबत नाही. अर्धा लिटर दही आतपर्यंत थंड व्हायला काही तास जातात, तोवर मधला भाग कोमटच असतो. ४.७ वर आत ठेवलेलं दही संध्याकाळी ४.५ वर सापडलं. म्हणून उन्हाळ्यात डबा कलता केल्यावर मधोमध जरासं थरथरत असतानाच आत ठेवायचा. आत गेल्यावर ते घट्ट होतं.

विरजणासाठीचा चमचा याच वेळी, ताज्या दह्यातून वेगळ्या छोट्या डबीत काढून ठेवते. संध्याकाळपर्यंत बाहेर राहिलेल्या आंबट दह्यातून काढलेलं विरजण दुसऱ्या रात्री पुन्हा तोच आंबटपणा घेऊन येतं.

२७ जून

पाऊस सुरू. खोली २७-२८, हवा दमट. ओल्या फडक्याचा काही उपयोग नाही, पाणी उडतच नाही. डबा खोलीच्या तापमानालाच राहतो. पण आता तेच तापमान सोयीचं आहे. ३५ चं दूध, एक चमचा विरजण, डबा उघड्यावर. रात्री साडेदहाला लावलं, सकाळी साडेसातला लागलेलं, ४.७.

उद्या पाऊण चमचा घालून बघते, दिवसा लावायचं आहे.